शेवटचा परिच्छेद

परदेशी विद्यापीठाच्या अर्जासोबत जे दोन पानी निवेदन जोडावं लागतं, ज्याला मुलं सरसकट ‘एसओपी’ म्हणतात, त्याच्या शेवटाबद्दल माझं एक पक्कं मत होतं. शेवटचा परिच्छेद पहिल्या परिच्छेदाकडे वळला पाहिजे आणि वळता वळता वाचणाऱ्याच्या मनात काहीतरी मोठं ठेवून गेला पाहिजे. सुरुवातीला आजीचा दवाखान्यातला प्रसंग असेल तर शेवटी आजी परत यायला हवी, आणि तिच्यासारख्या लाखो आज्यांसाठी काम करण्याचा निर्धारही यायला हवा. हे मी मुलांना सांगत आले, त्यांच्याकडून तसं लिहूनही घेतलं. आज मी त्याच्या नेमकं उलट सांगते. मत बदलायला वेळ लागला, आणि सगळ्यात जास्त वेळ लागला तो निर्धाराची वाक्यं सोडून द्यायला. ते का, हे इथे लिहायचं आहे.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात इंग्रजी आणि संवादकौशल्य शिकवते. दिवाळीची सुट्टी संपली की स्टाफरूमच्या दारात मुलं डोकावायला लागतात, “मॅडम, एसओपी बघता का?” अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांच्या तारखा डिसेंबर-जानेवारीत असतात, त्यामुळे नोव्हेंबरभर हेच चालतं. मुलं हुशार असतात, प्रोजेक्टबद्दल विचारलं तर हातवारे करून सांगत सुटतात. पण कागदावर शेवटाशी आली की सगळी एकसारखी लिहितात.

ती तशी का लिहितात हे मला ठाऊक होतं, कारण मीही त्याच वाटेने आले. आपल्याकडे लिहायला शिकतो ते निबंधातून. प्रस्तावना, मुद्द्यांचा विस्तार आणि समारोप. समारोपात सुरुवातीचंच वाक्य थोडं फिरवून लिहायचं आणि त्यावर एक उदात्त ओळ चढवायची. दहावीच्या पेपरात त्याला चांगले गुण पडतात. त्यात वक्तृत्व स्पर्धांची भर. भाषणात सुरुवातीचा धागा शेवटी परत आणावाच लागतो, कारण ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही. पहिल्या मिनिटात काय ऐकलं ते शेवटपर्यंत निसटून गेलेलं असतं. शिवाय शेवटचं वाक्य वरच्या पट्टीत गेलं तरच टाळी पडते. मी कॉलेजच्या दिवसांत अशा स्पर्धा गाजवलेल्या, त्यामुळे ही रीत माझ्या हाडीमासी होती. भाषणासाठी ती अजूनही मला योग्य वाटते.

माझ्या मताला पहिला धक्का दिला तो एका मैत्रिणीने. ती अमेरिकेतल्या एका विद्यापीठात शिकवते आणि तिच्या विभागाच्या प्रवेश समितीवर काम करते. सुट्टीत आली होती तेव्हा मी अभिमानाने तिच्यापुढे एक एसओपी ठेवली. तिने ती वाचली आणि शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवून म्हणाली, “अगं, पहिला परिच्छेद मी आत्ताच तर वाचला. तो मला परत का सांगते ही?” मी म्हटलं, त्याने वर्तुळ पूर्ण होतं. ती म्हणाली, “वर्तुळाचं मला काय करायचंय? ही मुलगी माझ्या लॅबमध्ये आली तर पहिल्या सोमवारी कशाला हात घालेल, ते मला हवंय. आणि ते सांगायची वेळ आली तिथेच ही मागे वळली.”

मग तिने त्यांच्याकडे अर्ज कसे वाचले जातात ते सांगितलं. ट्रान्सक्रिप्ट आणि शिफारसपत्रं समोर असतात. निवेदन वाचताना त्यांच्या मनात साधारण तीन गोष्टी असतात. या मुलीने खरोखर काही केलं आहे का, केलेल्या कामात अवघड काय होतं हे तिला उमगलं आहे का, आणि आमच्याकडे जे शिकवलं जातं त्यातून तिची पुढची पायरी चढता येईल का. पहिल्या दोन गोष्टी निवेदनाच्या मधल्या भागात कळतात. तिसरी शेवटी कळायला हवी. शेवटचा परिच्छेद सुरुवातीची उजळणी करण्यात गेला की तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कोरंच राहतं. वाचणारा मग ते आपल्या अंदाजाने भरतो, नाहीतर पुढचा अर्ज उघडतो.

पुनरावृत्तीबद्दलचं माझं मत त्या संध्याकाळीच बदललं. कागद हातात असलेल्या माणसाला आठवण करून द्यावी लागत नाही, हे पटायला फार युक्तिवाद लागला नाही.

निर्धाराच्या वाक्यांचं मात्र तसं झालं नाही. तिथे मी तिच्याशी भांडले. माझं म्हणणं असं होतं की आमची मुलं हे खोटं लिहीत नाहीत. ज्या मुलीने लहानपणी टँकरच्या रांगेत हंडा धरला आहे, ती ‘मला महाराष्ट्र दुष्काळमुक्त करायचा आहे’ असं लिहिते तेव्हा ते तिच्या पोटातून आलेलं असतं. ते वाक्य काढायला सांगणं म्हणजे तिच्या मनातली सगळ्यात चांगली गोष्ट काढून घेणं. शहरातल्या, पिढ्यान्‌पिढ्या शिकलेल्या घरातल्या मुलांना कोरडेपणा शोभतो, आमच्या मुलांनी तो का शिकावा, असंही मी म्हणाले. मैत्रिणीकडे याचं उत्तर नव्हतं. ती एवढंच म्हणाली की असं वाक्य खरं असलं तरी ते तिच्यासमोरच्या शेकडो अर्जांत असतं, आणि कुठलं खरं हे कागदावरून ओळखायचा मार्ग तिच्याजवळ नाही.

उत्तर मिळालं ते पुढे, एका विद्यार्थिनीच्या निवेदनावर काम करताना. तिचंच उदाहरण तपशिलात सांगते.

मुलगी पुरंदर तालुक्यातल्या एका गावची, सिव्हिल इंजिनिअरिंग झालेली. तिला भूजल या विषयात मास्टर्स करायचं होतं. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी तिने गावातल्या ओढ्याकाठच्या बारा विहिरींची पाणीपातळी जूनपासून पुढच्या मेपर्यंत दर आठवड्याला मोजली होती. साधन म्हणाल तर मोजपट्टी, तिच्या टोकाला वजन, आणि प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर रंगाने केलेली एक खूण. दरवेळी त्याच खुणेपासून मोजायचं, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात.

पहिल्या दोन महिन्यांचे आकडे विचित्र आले. एका आठवड्यात पाणी दोन हातांनी खाली, पुढच्या आठवड्यात पाऊस नसताना वर. कारण तिला गावातच सापडलं. शेतीच्या थ्री फेज लाईटची पाळी बदलते, एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात ती सकाळी विहिरीवर जायची तेव्हा मोटर रात्रभर चाललेली असायची. म्हणजे ती मोजत होती ते उपसून खाली गेलेलं पाणी, विहिरीची स्थिर पातळी नव्हे. मग तिने लाईटचं वेळापत्रक वहीत चिकटवलं आणि दरवेळी लाईट येण्याच्या आधी, मोटर बराच वेळ बंद असताना मोजायला सुरुवात केली. आकडे शहाण्यासारखे वागायला लागले.

त्यातून एक गोष्ट उघड झाली. दीडशे मीटर अंतरावरच्या दोन विहिरी, खोली जवळपास सारखी, पाऊस तोच. एकीने फेब्रुवारीत तळ गाठला, दुसरीत एप्रिलअखेर पाणी होतं. विहिरीच्या भिंती पाहिल्यावर निम्मा उलगडा झाला. पाणी टिकलेल्या विहिरीत मुरमाचा आणि भेगाळलेल्या खडकाचा थर जाड होता. दुसरीत तो वरच संपून खाली एकसंध काळा कातळ लागला होता. आपल्याकडच्या काळ्या कातळात पाणी साठतं ते मुख्यतः झिजलेल्या थरात आणि भेगांत. एकसंध कातळाच्या पोटात जवळजवळ काही मावत नाही.

हे सगळं तिने निवेदनाच्या मधल्या दीड पानात सुरेख लिहिलं होतं. सुरुवात मात्र टँकरच्या रांगेची आणि शेवट असा (मूळ इंग्रजी, इथे आशय देते): ‘टँकरची वाट पाहत उभी असलेली ती लहान मुलगी आज भूजलशास्त्राच्या उंबरठ्यावर उभी आहे. तुमच्या नामांकित विद्यापीठातलं शिक्षण माझ्या स्वप्नांना पंख देईल. पाण्याच्या प्रत्येक थेंबाचं मोल मी जाणते. कुठल्याही मुलीला पाण्यासाठी शाळा बुडवावी लागणार नाही असा दुष्काळमुक्त महाराष्ट्र घडवण्यासाठी मी माझं आयुष्य वाहून घेईन.’

पूर्वी मी या परिच्छेदाला शाबासकी दिली असती. या वेळी वाचताना मला एक गोष्ट लागली. मधल्या दीड पानातली मुलगी या परिच्छेदात कुठेच नव्हती. लाईटचं वेळापत्रक वहीत चिकटवणारी, विहिरीत वाकून भिंतीचा थर पाहणारी ती मुलगी शेवटाशी येऊन गायब झाली होती. तिच्या जागी जी बोलत होती ती कुणीही असू शकली असती. हा परिच्छेद मी मनातल्या मनात उचलून दुसऱ्या एका मुलाच्या, सौरऊर्जेवरच्या एसओपीला जोडून पाहिला. ‘पाण्याचा थेंब’ काढून ‘उन्हाचा किरण’ घातला की काम झालं. मी ज्या वाक्यांना तिचं मन समजत होते, ती वाक्यंच तिला झाकत होती. तिचं मन त्या वेळापत्रकात होतं. जिला गावाची फिकीर नाही ती वर्षभर दर आठवड्याला बारा विहिरींवर जात नाही. हे वाचणाऱ्याला मधल्या भागातच कळलेलं असतं, आणि तिथे त्याला शंका घ्यायला जागाही नसते. निर्धाराचं वाक्य मला इथे सुटलं.

मग शेवटी लिहायचं काय? मी तिला विचारलं, “तुझं काम संपलं कुठे?”

ती म्हणाली, “संपलं नाही मॅडम, अडकलं.”

कुठे अडकलं, हे तिने मग सांगितलं. खडकातून विहिरीत पाणी किती वेगाने येतं हे कळावं म्हणून तिने चार विहिरींवर चाचणी घेतली होती. ठरावीक वेळ मोटर चालवायची, मग बंद करायची, आणि पाणी परत चढताना दर काही मिनिटांनी पातळी नोंदवायची. या नोंदींवरून खडकाचा पाणी वाहून नेण्याचा गुण काढायची सूत्रं पुस्तकात असतात. पण त्यातलं नेहमीचं सूत्र, थाईसने 1935 मध्ये मांडलेलं, विहीर अगदी अरुंद आहे आणि तिच्या स्वतःच्या पोटात मोजण्याजोगं पाणी नाही असं धरून चालतं. बोअरला ते लागू पडतं. गावातल्या विहिरी सहा-सात मीटर रुंद. मोटर चालू केली की बराच वेळ विहिरीतलंच साठलेलं पाणी उपसलं जातं, खडकातून आलेलं पाणी त्यात मिसळलेलं. सूत्रात आकडे घातले की भलतंच उत्तर येतं. रुंद विहिरींसाठी पापाडोपुलोस आणि कूपर यांनी 1967 मध्ये वेगळी पद्धत दिली आहे, इथपर्यंत ती पोचली होती. पण तीही सगळीकडे सारख्या असलेल्या थराची. आपला खडक भेगांचा, एका बाजूने झिरपणारा, दुसऱ्या बाजूने कोरडा. पुढचं गणित तिला येत नव्हतं आणि कॉलेजात शिकवणारं कुणी नव्हतं.

“हे लिहिलंस का कुठे?”

“नाही. मला येत नाही असं दिसेल ना.”

तिची ही भीती मी ओळखते, जवळपास प्रत्येक मुलाला ती असते. शेवट उंच हवा, तिथे उणीव कशी दाखवायची? पण शिकायला जायचं ते याच कारणासाठी, आणि वाचणाऱ्या प्राध्यापकाला हेच कारण हवं असतं. इथे एक भेद मात्र करावा लागतो. प्रवेशासाठी जे आधीच यायला हवं ते येत नाही असं शेवटच्या परिच्छेदात लिहिणं म्हणजे आपणच आपला अर्ज पाडणं. आकडेवारीचा किमान पाया मागितलेला असताना ‘माझं गणित कच्चं आहे पण मेहनत करीन’ हे लिहू नये. ती तयारीतली उणीव झाली. आपलं काम आपल्याला जिथवर घेऊन आलं तिथे पुढे उभा असलेला प्रश्न, तो लिहावा. या मुलीचा प्रश्न दुसऱ्या जातीचा होता. तो पडायलाच वर्षभराचं काम लागलं होतं.

आम्ही तो परिच्छेद नव्याने लिहायला बसलो. तिने आधी मराठीत सांगितलं, मी फक्त ऐकून घेतलं, मग तिने इंग्रजीत उतरवलं. शेवटी जे राहिलं ते साधारण असं:

‘माझ्या नोंदींत या दोन विहिरींमधला फरक दिसतो, पण तो किती मोठा आहे हे मला आकड्यात सांगता येत नाही. उपशानंतर पाणी चढण्याच्या नोंदी चार विहिरींच्या आहेत. विहिरीतला साठा आणि खडकातून येणारं पाणी त्यांत वेगळं कसं करायचं, आणि खडक भेगांचा असताना ते कसं करायचं, हे मला तुमच्या पहिल्या वर्षाच्या भूजल-प्रवाहाच्या विषयात शिकायचं आहे. प्रबंधासाठी याच विहिरींच्या नोंदी मी सोबत आणीन. मी निघाल्यावर त्या माझा चुलतभाऊ पुढे चालू ठेवणार आहे. परत आल्यावर राज्याच्या भूजल सर्वेक्षणात काम मिळावं असा माझा प्रयत्न राहील, ते न जमल्यास गावांचा पाण्याचा ताळेबंद मांडणाऱ्या एखाद्या संस्थेत. दोन्हीकडे मला ज्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे तो गावातले शेतकरी डिसेंबरात विचारतात: विहिरीत आज एवढं पाणी आहे, तर उन्हाळ कांदा किती लावायचा?’

हा परिच्छेद इथेच थांबतो. त्याखाली आभार नाहीत, विद्यापीठाची स्तुती नाही, ‘संधी द्यावी ही विनंती’ नाही. मुलीला तो सुरुवातीला उघडा वाटला. “एकदम थांबल्यासारखं वाटतं,” ती म्हणाली. मी तिला तो दोन दिवस बाजूला ठेवायला सांगितलं. परत वाचून ती म्हणाली की आता टँकरची सुरुवात जड वाटते. आम्ही ती चार ओळींवर आणली. शेवट नीट झाला की सुरुवातही हलकी करावीशी वाटते, हे पुढे अनेकदा पाहिलं. वर्तुळ पूर्ण करायचं नसलं की सुरुवातीला मुद्दाम मोठं चित्र रंगवायची गरज उरत नाही.

या परिच्छेदात मोठं स्वप्न नाही असं कुणी म्हणेल. मला ते तसं वाटत नाही. कांदा किती लावायचा हे डिसेंबरात खात्रीने सांगता आलं, तर मार्चमध्ये पीक जळायचं वाचेल आणि एप्रिलचं पिण्याचं पाणी शिल्लक राहील. दुष्काळाशी लढायचं तिने जे ठरवलं आहे ते यातच आहे, फक्त आता ते तपासून पाहता येतं.

याच काळात मला आनंदीबाई जोशींचं पत्र पुन्हा वाचावंसं वाटलं. 1883 च्या उन्हाळ्यात, वयाच्या अठराव्या वर्षी अमेरिकेत पोचल्यावर त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजला प्रवेशासाठी लिहिलेलं ते पत्र. एका मराठी मुलीने परदेशी विद्यापीठाला लिहिलेली ती बहुधा सगळ्यात प्रसिद्ध एसओपी. त्या पत्रात निर्धार आहे, आणि तो चांगला ठणठणीत आहे. माझ्या बदललेल्या मताला ते पत्र आडवं येईल असं मला वाटलं होतं. वाचल्यावर दिसलं ते वेगळंच. आनंदीबाई नुसतं देशसेवेचं वचन देत नाहीत. पुरुष डॉक्टरच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना वैद्यकीय मदत पोचवायची आहे, असं त्या लिहितात. या एका गोष्टीत सगळं येतं. अडचण काय आहे, ती पुरुष डॉक्टरांना का सुटत नाही, आणि अर्ज करणारी स्त्री असण्याने काय फरक पडणार. वाचणाऱ्याला त्यांची कळकळ मानायची नसेल तरी कारण मानावं लागतं. 1886 मध्ये त्यांना पदवी मिळाली तेव्हा त्यांचा प्रबंधही हिंदू समाजातल्या प्रसूतिशास्त्रावर होता, म्हणजे पत्रातल्या गोष्टीशी धरून. तेव्हापासून मी वचनाच्या आकाराबद्दल बोलणं सोडलं. वचन मोठं असायला माझी हरकत नाही. ते कशाने पुरं होणार, आणि त्यात याच माणसाचं काय काम, हे त्यात सापडलं पाहिजे. आमच्या मुलांच्या दहातल्या नऊ वचनांत ते सापडत नाही, म्हणून मी ती काढायला सांगते.

आणखी एक टोक आहे, त्याबद्दलही थोडं. मत बदलल्यावर काही काळ मी सगळ्यांचे शेवट सरळ कापायला लागले. शेवटच्या परिच्छेदावर हात ठेवायचा, वरचं वाचायचं, तिथेच संपलेलं चालतं का पाहायचं. ही युक्ती मी अजूनही वापरते, आणि बऱ्याचदा चालतं. एका मुलाचं निवेदन असंच निघालं. तो दोन वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होता. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात त्याने लिहिलं होतं की एका बँकेच्या अ‍ॅपमधली चूक त्याला सापडली ती नेटवर्क कमजोर असलेल्या जुन्या फोनवर, आणि तशा परिस्थितीत चाचणी घ्यायची पद्धतच त्यांच्या टीमकडे नव्हती. ती कशी बांधावी हे शिकायला त्याला अमुक विषय हवा आहे. खाली पाच ओळींचा समारोप होता, डिजिटल भारताबद्दल. तो काढला आणि काहीच कमी झालं नाही.

पण सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही. पाण्याच्या मुलीचा समारोप मी नुसता कापला असता तर निवेदन दोन विहिरींच्या भिंतींवर थांबलं असतं. तिला पुढे काय शिकायचं आहे हे वाचणाऱ्याला कळलंच नसतं. कापणं हे काम निम्मं करतं. उरलेलं निम्मं म्हणजे अडलेली जागा शोधणं, आणि ती शोधायला मुलाशी बोलावंच लागतं. कागदावरून ती सहसा दिसत नाही, कारण मुलं ती लपवतात.

अडलेली जागा खोटी असली तर तेही कळतं. मुलं विद्यापीठाच्या वेबसाईटवरून एखाद्या प्राध्यापकाचं नाव उचलतात आणि ‘यांच्या मार्गदर्शनाखाली काम करायला उत्सुक आहे’ असं शेवटी चिकटवतात. मी विचारते, यांचं तू काय वाचलंस? वाचलेलं असेल तर त्यातली कुठली गोष्ट आपल्या प्रश्नाला लागू पडते ते एका वाक्यात येतं. नसेल तर नाव काढायचं. प्राध्यापक निवृत्त झालेत, किंवा दोन वर्षांपूर्वीच दुसरीकडे गेलेत, असंही मी पाहिलं आहे. त्या एका ओळीने वरच्या दीड पानाबद्दल शंका येते. खोट्या नेमकेपणाचंही असंच. ‘2032 पर्यंत मी अमुक पदावर असेन’ या वाक्याने वचनाला फक्त तारीख लागते. संशोधनात माणसाची दिशा बदलते हे वाचणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं, म्हणून पाण्याच्या मुलीने ‘ते न जमल्यास’ लिहिलं ते मला फार आवडलं.

काही अर्जांत शेवटाचा प्रश्नच आता उरलेला नाही. ब्रिटनमध्ये पदवीच्या अभ्यासक्रमांसाठी ‘यूकास’मधून अर्ज करतात. तिथे 4,000 अक्षरांचं एकसंध निवेदन लिहायचं असे. 2026 च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न झाले: हा विषय का, शिक्षणाने तुमची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलं. एकूण अक्षरं तेवढीच. तीन उत्तरांना तीन समारोप जोडले तर हाती काय उरेल, हे मुलांना सांगावंही लागत नाही. तरी ती तिसऱ्या उत्तराखाली दोन ओळींचा निर्धार टाकतातच. सवय जुनी आहे.

शिष्यवृत्तीच्या अर्जांचं वेगळं. तिथे ‘परत येऊन काय कराल’ हे सरळ विचारलेलं असतं, आणि विचारलं असेल तर सांगायलाच हवं. चेव्हनिंग शिष्यवृत्तीत पुढच्या वाटचालीवर स्वतंत्र प्रश्न असतो, शिवाय शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी राहायची अटही असते. अशा ठिकाणी मोकळी जागा दिसली की निर्धार पुन्हा डोकं वर काढतो. पाण्याच्या मुलीचंही तसंच झालं. तिने एका शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला घेतला. त्यात प्रश्न होता, तुमच्या शिक्षणाचा देशाला काय उपयोग होईल. तिने पहिल्या झटक्यात तो जुना परिच्छेद जसाच्या तसा उतरवला. पाठवायच्या आधी मला दाखवला.

मी तिला विचारलं, तुझ्या गावातल्या विहिरीची पातळी सरकारी माणसं मोजतात का? ती म्हणाली, निरीक्षण विहिरींची मोजतात, वर्षातून चार वेळा. ते पुरतं का? तालुक्याचा अंदाज बांधायला पुरतं, ती म्हणाली, पण डिसेंबरात कांद्याचं ठरवायला नाही. त्याला आठवड्याचे आकडे लागतात, आणि आठवड्याला प्रत्येक गावात सरकारी माणूस येणं शक्य नाही. मग कोण मोजेल? गावातलीच मुलं, बारावीपर्यंत शिकलेली. त्यांना काय लागेल? मोजपट्टी, कठड्यावरची खूण आणि लाईटच्या पाळीचं वेळापत्रक. आणि मोटर चालू असताना मोजायचं नाही, हे त्यांना आधीच सांगणारं कुणीतरी.

हे तिने उत्तरात लिहिलं. मास्टर्स संपल्यावर रुंद विहिरींची चाचणी कशी घ्यावी आणि नोंदी कशा ठेवाव्यात याची मराठीत दोन पानी रीत तयार करायची, आधी स्वतःच्या ओढ्याकाठच्या तीन गावांत एक पावसाळा आणि एक उन्हाळा ती वापरून पाहायची, आणि तिथल्या नोंदी सरकारी नोंदींशी जुळतात का ते तपासून मगच पुढे न्यायची. फॉर्ममध्ये तीनशे शब्दांची जागा होती. तिचं उत्तर त्याहून बरंच लहान झालं, आणि उरलेली जागा तिने तशीच सोडली.